कपाटातली शिल्लक आणि वर्षाचं मागणीपत्र

वर्गातल्या कपाटाची मोजदाद मी फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी करते. त्या दिवशी सकाळची शाळा असते, त्यामुळे दुपारी वर्ग रिकामा मिळतो. शाळेचा हिशेब ३१ मार्चला मिटतो, म्हणून मागणीपत्र त्याआधी कार्यालयात पोचलेलं बरं. पण वर्ग एप्रिलपर्यंत चालतात. म्हणजे वर्षाचा खर्च पुरता व्हायच्या आतच पुढच्या वर्षाची गरज सांगायची असते. नुसती शिल्लक लिहून देणाऱ्याचा अंदाज चुकतो तो इथेच.

आधी सगळं कपाट जमिनीवर रिकामं करते आणि दोन ढीग लावते. खडू, कार्डशीट, डिंक, स्केचपेन अशा वापरून संपणाऱ्या वस्तू एकीकडे. कात्र्या, स्टेपलर, मणीमाळ, नकाशे अशा टिकणाऱ्या वस्तू दुसरीकडे. टिकणाऱ्या वस्तू जडवस्तू संग्रह नोंदवहीशी ताडून पाहायच्या. मोडलेली कात्री आपणहून टाकून द्यायची नाही. ती बाजूला ठेवून निर्लेखनासाठी मुख्याध्यापकांना कळवायचं, नाहीतर वहीत ती कायम शिल्लक दिसत राहते आणि नवी मागितली की ‘आहे ना?’ असं उत्तर येतं.

खरा हिशेब पहिल्या ढिगाचा. माझ्या तिसरीच्या वर्गातल्या खडूंचंच घ्या. जूनमध्ये १०० खडूंचे ३ डबे शिल्लक होते आणि नवे १२ आले. फेब्रुवारीअखेर ४ उरले, म्हणजे कपाटातून ११ गेले. पण त्यातले २ पावसाळ्यात भिंतीच्या ओलीने मऊ पडून वाया गेले होते. फळ्यावर झिजले ते ९ डबे, म्हणजे ९०० खडू. तोवर शाळा १७० दिवस भरली होती, तेव्हा रोजचे साधारण सव्वापाच खडू झाले. उरलेल्या ५० दिवसांना अडीच-पावणेतीन डबे लागणार. वर्षअखेरीला हाताशी एकच पुरा डबा राहील असं मी धरते. पुढचं वर्षही २२० दिवसांचं धरलं तर १२ डबे लागतील. त्यातून शिलकीचा एक वजा केला आणि जूनमध्ये माल उशिरा आला तर म्हणून एक वाढवला. मागणी १२ डब्यांची.

वाया गेलेले २ डबे मी मागणीत धरत नाही. त्यांच्यासाठी वेगळा उपाय हवा. यंदा खडू घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, भिंतीपासून दूर, वरच्या फळीवर ठेवले आहेत. वही ‘गेले’ एवढंच सांगते. वापरले की नासले, हे मोजतानाच लिहून ठेवावं लागतं.

याच्या उलट चूक कार्डशीटची होते, आणि ती सहसा ध्यानात येत नाही. जूनमध्ये २० कार्डशीट मिळाले आणि दिवाळीच्या सुट्टीआधीच संपले. वहीत वर्षाचा वापर २० दिसतो. तोच आकडा पुढे ढकलला की पुन्हा दिवाळीला कपाट रिकामं. वस्तू नसताना ती वापरली जात नाही, म्हणून टंचाई वहीत काटकसरीसारखी दिसते. यासाठी मी फळीच्या कडेला कागद चिकटवते आणि वस्तू संपली की त्याच दिवशी तारीख टाकते. २० कार्डशीट ८५ दिवसांत संपले, या वेगाने वर्षाला ५० च्या वर लागतील. पण सुरुवातीच्या महिन्यांत तक्ते नव्याने करायचे होते. ते पुढच्या वर्षीही चालतील. म्हणून ४० मागितले आणि कारणाच्या रकान्यात संपल्याची तारीख लिहिली.

मागणीपत्रात वस्तूचं नाव दुकानदाराला कळेल असं पुरतं लिहावं. ‘कागद २’ असं नको. ‘ए-४ पांढरा कागद, ७५ जीएसएम, ५०० पानांचं रीम, २ नग’ असं हवं. पुढे आजची शिल्लक, मागणी आणि कारण. शिल्लक लिहायला लाजू नये, तिच्यामुळेच मागणीवर विश्वास बसतो.

शेवटचं काम क्रम लावण्याचं. समग्र शिक्षा अभियानात संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. ३१ ते १०० पटाच्या शाळेला निकषाप्रमाणे वर्षाला २५ हजार रुपये, आणि तेही सगळ्या शाळेसाठी. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी राखायचा असतो. उरलेल्यात किरकोळ दुरुस्तीही आली आणि साहित्यही. तेव्हा यादीला कात्री लागणार हे धरून चालावं. ज्याच्याविना दुसऱ्या दिवशी वर्ग अडेल ते वर, ज्याला पर्याय आहे ते खाली. माझ्या यादीत खडू पहिले आणि चमकी कागद शेवटचा.

मागणीपत्राच्या दोन प्रती करा. एकीवर कार्यालयाची तारखेसह पोच घ्या आणि ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. जूनमध्ये माल आला की मागितलं किती आणि मिळालं किती, हे तिच्यावरच लिहा.