पाठपुरावा की पिच्छा?

फेब्रुवारी २०२४मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि हाउसिंग सोसायट्यांच्या गच्च्यांना भाव आला. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापराच्या विजेसाठी सोलर बसवलं, तर सोसायटीला किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान मिळतं. त्यामुळे चौकशा वाढल्या आणि चौकशी करणाऱ्यांचे फोनही वाढले.

समजा, कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी मॅडमनी शनिवारी एका सोलर कंपनीच्या वेबसाइटवर नाव, नंबर आणि मेल आयडी भरला. दहा मिनिटांत कॉम्प्युटरने आपोआप पाठवलेली मेल आली. अर्ध्या तासात ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. मॅडम म्हणाल्या, "२० किलोवॉटचा अंदाज द्या, पण कमिटीची मीटिंग पुढच्या रविवारी आहे, त्याआधी काही ठरणार नाही." संध्याकाळी त्या भागातल्या सेल्समनचा व्हॉट्सअ‍ॅप आला, "मॅडम, किती किलोवॉट हवं आहे?" सोमवारी पुन्हा मेल, "आमची आधीची मेल पाहिलीत का?" मंगळवारी परत फोन. तिन्ही माणसं आपापलं काम नीट करत होती. मॅडमना मात्र एकच कंपनी दिसत होती, जिला सांगितलेलं काही लक्षात राहत नाही आणि जी पाठही सोडत नाही.

कंपन्यांचा समज असा असतो की ग्राहक वैतागतो तो संपर्काच्या संख्येला. माझं निरीक्षण वेगळं आहे. पंधरा दिवसांत पाच वेळा बोलणं झालं आणि प्रत्येक वेळी गोष्ट एक पाऊल पुढे गेली, तर लोक तक्रार करत नाहीत. तेच ते पुन्हा सांगावं लागलं, तर दुसऱ्याच फोनला आवाज चढतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे नोंदीची एकच जागा. महागडं सॉफ्टवेअर नसलं तरी चालतं; सगळ्यांना उघडता येईल अशी एक गूगल शीट पुरते. सोसायटीचं नाव, कोण बोललं, कशावर बोललं, समोरच्याने काय सांगितलं आणि पुढची तारीख, एवढे रकाने बस्स. त्यातला शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पुढची तारीख सोसायटीची असते; फोनची वेगळी, मेलची वेगळी असं करायचं नाही. "समोरच्याने काय सांगितलं" या रकान्यात त्यांचेच शब्द लिहावेत. "इंटरेस्टेड" असं लिहून पुढच्या माणसाला काही कळत नाही. "रविवारी मीटिंग, खजिनदारांना परतफेडीचा हिशेब हवाय" असं लिहिलं, तर पुढचा फोन कुणीही करू शकतो.

दुसरं, कुठल्या माध्यमावर काय बोलायचं हे ठरवून घ्यावं. कमिटीसमोर ठेवायचा कागद मेलवर जावा, कारण तो प्रिंट होतो, चेअरमनना फॉरवर्ड होतो, इतिवृत्ताला जोडला जातो. शंका आणि घासाघीस फोनवर. पत्ता, वेळ, वीजबिलाचा फोटो, "उद्या ११ला गच्ची पाहायला येतो" एवढंच व्हॉट्सअ‍ॅपवर. भाव कधीही व्हॉट्सअ‍ॅपवर सुटा टाकू नये. फोनवर "साधारण अमुक" म्हटलेला आकडा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा आकडा आणि पीडीएफमधला आकडा असे तीन आकडे मीटिंगमध्ये एकत्र आले, की विश्वास तिथेच संपतो. आकडा एकाच कोटेशनमध्ये असावा, त्यावर तारीख असावी आणि बाकी सगळीकडे "मंगळवारच्या कोटेशनमध्ये दिलंय" एवढंच म्हणावं.

आता मॅडमचीच चौकशी नीट हाताळली तर कशी दिसेल ते पाहू. शनिवारी फोन होतो, शीटमध्ये नोंद होते आणि आपोआप जाणाऱ्या मेलींची मालिका त्याच क्षणी बंद केली जाते. हे बंद करणं बहुतेक ठिकाणी राहून जातं, कारण फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलंय हे मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला कळत नाही. माणसालाच ते थांबवावं लागतं. लगेच सेल्समनचा एक मेसेज जातो: "नमस्कार मॅडम, आमच्या ऑफिसशी तुमचं आत्ताच बोलणं झालं. गच्ची मी पाहायला येणार आहे. सोमवारी संध्याकाळी ५ चालेल का? सामाईक मीटरचं एक बिल पाठवलंत तर हिशेब नेमका होईल." त्यात स्वतःची ओळख आहे, आधीच्या बोलण्याचा धागा आहे आणि उत्तर एका शब्दात देता येतं.

सोमवारी गच्ची मोजली जाते. २० किलोवॉटला साधारण दोन हजार चौरस फूट सावली नसलेली जागा लागते, ती आहे की नाही ते तिथेच कळतं. मंगळवारी कोटेशनची मेल जाते. त्यात ३ लाख ६० हजारांचं अनुदान आणि खजिनदारांना हवा असलेला परतफेडीचा हिशेब वेगळा दाखवलेला असतो. मेल गेल्याचं व्हॉट्सअ‍ॅपवर एका ओळीत कळवायचं. मग रविवारपर्यंत गप्प बसायचं. निळ्या टिकल्या दिसल्या म्हणून फोन लावणं हा पाळत ठेवल्यासारखा प्रकार वाटतो. शनिवारी एकच मेसेज: "उद्याच्या मीटिंगसाठी आणखी काही कागद हवा असल्यास सांगा." पुढचा फोन सोमवारी, आणि पहिलं वाक्य "मीटिंगमध्ये काय ठरलं?"

मीटिंगमध्ये विषय पुढे ढकलला गेला, तर पुढची तारीख मॅडमनाच विचारावी आणि तोवर तिन्ही माध्यमं शांत ठेवावीत. नकार आला तर तो तिन्ही ठिकाणी लागू होतो. फोनवर "नको" म्हटल्यावर आठवड्याने मेल जाणं हा सर्वांत जास्त चीड आणणारा प्रकार आहे.

गाडी रुळावरून घसरतेय हे ओळखायची खूण शीटमध्येच सापडते. "तुमच्याकडून कुणाचा तरी फोन येऊन गेला" किंवा "मी आधीच सांगितलंय" ही वाक्यं दिसू लागली, की माणसं नोंद न वाचता फोन लावताहेत. दुसरी खूण म्हणजे ब्लॉक. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या प्लॅटफॉर्मवर ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजनंतर २४ तास मोकळेपणाने बोलता येतं, नंतर फक्त आधी मंजूर करून घेतलेले ठरावीक मेसेज पाठवता येतात. लोकांनी ब्लॉक आणि रिपोर्ट केलं की नंबरचा दर्जा घसरतो. मेलचंही तसंच. जीमेलने २०२४पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचं बंधन घातलंय, म्हणजे हजारात तीन माणसं वैतागली तरी पुरे. त्यानंतर ज्यांना खरोखर कोटेशन हवंय त्यांचीही मेल स्पॅममध्ये पडू शकते.

या पद्धतीला मर्यादा आहे. चौकशीच न केलेल्या सोसायट्यांची यादी विकत आणली, तर कितीही नीट शीट ठेवली तरी तो आगंतुकपणाच राहतो. साध्या दहा आकडी मोबाइलवरून जाहिरातीचे फोन करणं ट्रायच्या नियमांत बसत नाही. त्यासाठी १४०ने सुरू होणारे नंबर आहेत.

आणि तुम्ही स्वतः सेक्रेटरी असाल, तर पहिल्याच फोनवर एकच माणूस, एकच माध्यम आणि एक तारीख सांगून टाका. चांगली कंपनी ते पाळते. न पाळणाऱ्यांसाठी १९०९ हा क्रमांक आहे. नको असलेल्या जाहिरातीच्या फोनची आणि एसएमएसची तक्रार तिथे करता येते, नोंदणी नसलेल्यांविरुद्धच्या तक्रारीसाठी डीएनडीत नोंद असण्याचीही अट आता नाही.