एका नावाचे अनेक वारस

ब्रिटनच्या बाजारपेठांत 1909 पासून उभी असलेली वूलवर्थ्सची दुकाने 2009 च्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शेवटची बंद झाली. आठशेहून अधिक दुकाने होती. त्याआधी नोव्हेंबर 2008 मध्ये कंपनीचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला होता. काही महिन्यांतच ‘वूलवर्थ्स’ हे नाव एका संकेतस्थळावर पुन्हा दिसू लागले. पेढी पुन्हा उभी राहिली असावी, असे अनेकांना वाटले. तसे काही घडले नव्हते.

बुडालेली पेढी अखंड विकली जाते असे नाही. प्रशासक प्रत्येक वस्तूचा वेगळा गिऱ्हाईक शोधतो. ‘वूलवर्थ्स’ हे नाव आणि ‘लेडीबर्ड’ ही मुलांच्या कपड्यांची मुद्रा शॉप डायरेक्ट या घरपोच विक्री करणाऱ्या समूहाने फेब्रुवारी 2009 मध्ये घेतली. पन्नासेक दुकानांच्या जागा आइसलँड या गोठवलेल्या खाद्यपदार्थांच्या पेढीकडे गेल्या. ‘टू एंटरटेन’ या चित्रफीत-कंपनीतील वूलवर्थ्सचा हिस्सा 2010 मध्ये बीबीसीच्या व्यापारी शाखेने घेतला. देणी मात्र कोणाकडेच गेली नाहीत. ती जुन्या कंपनीच्याच माथी राहिली आणि विक्रीतून आलेल्या रकमेतून, कायद्याने ठरवलेल्या क्रमाने, जेवढी फिटली तेवढी फिटली. म्हणूनच जुन्या पुरवठादाराने नव्या नावधारकाकडे थकबाकी मागणे व्यर्थ असते. त्याचा दावा प्रशासकाकडे, पुढे अवसायकाकडेच नोंदवावा लागतो.

माग काढायचा तर दुकानाच्या पाटीवरून नव्हे, जुन्या कंपनीच्या नोंदणी क्रमांकावरून सुरुवात करावी. ब्रिटनच्या कंपनी निबंधकाकडे प्रशासकाचे अहवाल असतात. कोणती मालमत्ता कोणाला विकली, हे त्यांतून उमगते. नंतर व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत त्या नावाचा इतिहास उघडावा. तेथे मालकी बदलल्याची नोंद व माल-सेवांचे वर्ग दिसतात. घेणारी कंपनी बहुधा समूहातील एखादी उपकंपनी असते, त्यामुळे वर्तमानपत्रातले नाव आणि नोंदवहीतले नाव जुळतेच असे नाही. नोंदही उशिरा होऊ शकते. तोवर जुनाच मालक दिसतो.

खरी फसगत देशांच्या सीमेवर होते. जर्मनीतील वूलवर्थ ही मूळ अमेरिकी पेढीचीच शाखा, पण ब्रिटिश दुकानांपासून ती फार आधी वेगळी झाली होती. ऑस्ट्रेलियातील वूलवर्थ्सचा तर 1924 पासून या घराण्याशी कधीच संबंध नव्हता. केवळ नाव तेवढे उचलले. व्यापारचिन्हाचा हक्क देशागणिक असतो. तेव्हा शॉप डायरेक्टने घेतलेल्या नावाचा जर्मनीत वा ऑस्ट्रेलियात काही उपयोग नव्हता.

भारतात बंद पडलेल्या कारखान्याचे जुने नाव विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. नाव व्यवसायाच्या ख्यातीसह मिळते की ख्यातीविना? ख्यातीविना घेतल्यास, 1999 च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार, हस्तांतराची जाहिरात कशी द्यावी याबद्दल निबंधकाकडे सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. तसा अर्ज करून सांगितल्याप्रमाणे जाहिरात न दिल्यास हस्तांतर लागूच होत नाही, आणि पैसे मोजूनही नाव हाती येत नाही.