प्रक्षेपण संपल्यावर उरणारी फाइल

ह्यू बेली या प्रोग्रामरने २०१२ मध्ये ‘ओपन ब्रॉडकास्टर सॉफ्टवेअर’ सर्वांसाठी खुले केले. ओबीएस या नावाने ओळखले जाणारे हे सॉफ्टवेअर आजही पूर्णपणे मोफत आहे. कॅमेरा, माइक आणि संगणकाचा पडदा यांची चित्रे व आवाज एकत्र करून ते युट्यूब किंवा ट्विचकडे पाठवते, एवढी त्याची ओळख सर्वांना असते. माझ्या मते त्याचा खरा गुण वेगळाच आहे. प्रक्षेपण चालू असतानाच ते त्याच कार्यक्रमाची दुसरी, अधिक चांगली प्रत आपल्या डिस्कवर उतरवू शकते. पुढची कमाई याच प्रतीवर उभी राहते.

समजा, हार्मोनियमचा दोन तासांचा थेट वर्ग आहे. शिक्षकाच्या गळ्याजवळ एक माइक, पेटीसमोर दुसरा, आणि तबल्याचा ठेका व नमुन्याची गाणी संगणकावरून. प्रेक्षकाला हे सगळे मिसळून एकाच ट्रॅकवर जाते. ओबीएसमध्ये मात्र रेकॉर्डिंगसाठी सहापर्यंत ट्रॅक ठेवता येतात. पहिल्यावर मिश्रण, दुसऱ्यावर शिक्षकाचा आवाज, तिसऱ्यावर पेटी, चौथ्यावर संगणकातले संगीत अशी वाटणी करावी. वर्गात कोणाच्या तरी आग्रहावरून सिनेगीताची मूळ ध्वनिमुद्रिका वाजवली, तर युट्यूबची स्वयंचलित यंत्रणा ती ओळखू शकते आणि त्या व्हिडिओचे जाहिरातीचे पैसे हक्कदाराकडे वळू शकतात. चौथा ट्रॅक वेगळा असेल तर तेवढा तुकडा गप्प करून बाकीचा वर्ग वाचवता येतो. फक्त पेटीचा माइक ते गाणे स्पीकरमधून टिपत नाही ना, हे पाहावे. त्यासाठी शिक्षकाने हेडफोन लावणे उत्तम.

यासाठी `Settings` मधल्या `Output` या भागात `Advanced` निवडावे लागते. साध्या मांडणीत ‘प्रक्षेपणासारखेच’ रेकॉर्डिंग घेतले, तर सगळे आवाज एकाच ट्रॅकवर अडकतात. फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवावा. साधी एमपी४ फाइल मध्येच वीज गेली तर बहुधा उघडतच नाही. एमकेव्हीत तोवरचे सारे शाबूत राहते आणि नंतर ओबीएसमध्येच तिची एमपी४ करता येते.

चित्र अडखळू लागले, तर ओबीएसची आकडेवारीची खिडकी उघडावी. `Dropped Frames` वाढत असतील तर दोष इंटरनेटचा, म्हणून बिटरेट कमी करावा. एन्कोडिंगमध्ये फ्रेम सुटत असतील तर संगणक थकला आहे, आणि तिथे नेट बदलून काही होत नाही. यातला पहिला दोष डिस्कवरच्या प्रतीला सहसा लागत नाही, दुसरा लागू शकतो. जागाही फार लागत नाही. सेकंदाला ४ मेगाबिट दराने दोन तासांचे चित्र साधारण ३.६ गिगाबाइट भरते.

चॅट सांभाळणाऱ्याला मी या कामातला दुसरा संपादक मानतो. त्याचे पहिले काम राखणदाराचे. अडवायच्या शब्दांची यादी देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे भरावी लागते, कारण मराठी शिवी बहुतेक वेळा रोमन अक्षरांत येते. शिक्षकाचेच नाव आणि फोटो लावून ‘या नंबरवर संपर्क करा’ असे लिहिणारी खोटी खाती अधिक धोक्याची. त्यांचा निरोप पुसून भागत नाही, ते खातेच चॅनलवरून लपवावे लागते. गर्दी वाढली की स्लो मोड लावून दोन निरोपांमध्ये सक्तीचे अंतर ठेवता येते.

दुसरे काम नोंदी ठेवण्याचे. ‘४१ मिनिटे: काळ्या पट्टीवर अंगठा ठेवावा का?’ अशी वेळेसह नोंद तो करत जातो. चॅट काही सेकंद उशिरा धावते, म्हणून त्याने प्रश्न आला ती वेळ नव्हे, उत्तर सुरू झाले ती वेळ लिहावी. `Automatically record when streaming` हा पर्याय चालू असेल, तर प्रक्षेपण आणि रेकॉर्डिंग यांची घड्याळे जवळपास जुळतात आणि या नोंदी थेट संकलनाला उपयोगी पडतात.

थेट वर्गात सुपर चॅटचे पैसे येतात. १०० रुपयांतले साधारण ७० शिक्षकाच्या वाट्याला येतात, पण वर्ग संपला की हा ओघ थांबतो. बारा तासांच्या आतले प्रक्षेपण युट्यूब स्वतःहून साठवते. ते सार्वजनिक ठेवले तर पाहण्याचे तास जाहिरातीच्या पात्रतेत धरले जातात. खासगी केले किंवा पुसले तर ते वजा होतात. नोंदींवरून या साठ्याला प्रकरणे पाडावीत. पहिली वेळ 0:00 हवी, प्रकरणे किमान तीन हवीत आणि प्रत्येक किमान दहा सेकंदांचे. डिस्कवरच्या स्वच्छ प्रतीतून पेटी आणि आवाज घेऊन दहा-दहा मिनिटांचे धडे कापले की सशुल्क अभ्यासक्रमाचा कच्चा माल तयार होतो. त्यात विद्यार्थ्यांची नावे किंवा आवाज येत असतील तर त्यांची परवानगी आधी घ्यावी.

पहिल्या वर्गाआधी दहा मिनिटांचे खासगी प्रक्षेपण करून पाहा. मग ती एमकेव्ही फाइल व्हीएलसीमध्ये उघडा आणि ऑडिओ ट्रॅक एकेक बदलून चारही वेगळे ऐकू येतात का, ते स्वतःच्या कानांनी तपासा.