चार लाखांतून पाच हजार

इंटरनेटवरच्या बऱ्याचशा जाहिराती संकेतस्थळ पाहून दिल्या जात नाहीत. समोरचा माणूस पाहून क्षणात लिलाव होतो आणि तो माणूस ज्या पानावर असेल तिथे जाहिरात झळकते. ते पान अफवांचे किंवा द्वेषाचे निघाले, तर कंपनीच्या नावालाही डाग लागतो. म्हणून कंपन्या नको असलेल्या स्थळांची वगळयादी ठेवतात. काही जण उलट मार्ग धरतात आणि फक्त तपासलेल्या स्थळांनाच परवानगी देतात.

जेपी मॉर्गन चेस या अमेरिकी बँकेने 2017 साली हा दुसरा मार्ग धरला. तिच्या जाहिराती महिन्याला सुमारे चार लाख स्थळांवर दिसत होत्या. ‘हिलरी फॉर प्रिझन’ नावाच्या स्थळावरही त्या दिसल्याचे लक्षात आल्यावर छाननी झाली. जाहिरात दिसण्यापलीकडे काही घडले, अशी स्थळे निघाली फक्त बारा हजार. ती एका प्रशिक्षणार्थीने एकेक उघडून पाहिली आणि पाच हजारच उरली. तरीही जाहिरात दाखवण्याच्या खर्चात आणि ती दिसण्याच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही, असे बँकेने सांगितले.

मात्र यातून गिऱ्हाइकाचा दर्जा सुधारला, हे सिद्ध होत नाही. क्लिक म्हणजे खरेदी नव्हे. खेळांच्या ॲपमध्ये चुकून बोट लागूनही क्लिक होतो. शिवाय वगळलेल्या स्थळांचे पैसे उरलेल्या स्थळांकडे वळतात. त्यामुळे जाहिरात दिसल्याचा एकूण आकडा तसाच राहतो आणि तीच माणसे ती पुन्हापुन्हा पाहतात. म्हणून मोजायची ती वेगवेगळी माणसे.

खरा निकाल आधी-नंतरच्या तुलनेतून मिळत नाही, कारण मधल्या काळात सणही येतात आणि भावही बदलतात. त्यासाठी एकाच काळात, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लोकांचे दोन गट पाडायचे. जाहिरात आणि खर्च सारखा ठेवून यादी एकाच गटाला लावायची.

समजा, गृहकर्जाच्या जाहिरातीवर प्रत्येक गटात एक लाख रुपये खर्च झाले. यादीविना पाच लाख माणसांनी जाहिरात पाहिली, 500 अर्ज आले आणि 100 कर्जे झाली. यादीसह पाहणारे 4 लाख 60 हजार, अर्ज 380 आणि कर्जे 114. एका अर्जाचा खर्च 200 रुपयांवरून 263वर गेला, पण एका कर्जाचा 1,000वरून 877वर आला. नुसते अर्ज मोजणारा इथे चांगली यादी रद्द करून बसेल.

तरी घाई नको. दोन्ही गटांची कर्जे मिळून 214. त्याचे वर्गमूळ सुमारे 15, आणि एवढा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. 14चा फरक त्यातच बुडतो. दसपट लोकांवर प्रयोग करून 1,000 विरुद्ध 1,140 आले, तर फरक 140 आणि योगायोगाचा चढउतार सुमारे 46. तेव्हाच यादीचा गुण मान्य करावा.