रजेच्या अर्जात दोन तारखा हव्यात

पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, दुर्बिणीतून पिशवी काढून टाकू, एक-दोन दिवसांत घरी जाल, असं सर्जननी सांगितलं की माणसाला निम्मा धीर येतो. मग ऑफिसात जाऊन तो साहेबांना सांगतो, ‘आठवडाभराची रजा लागेल.’ पण घरी जाणं आणि कामावर परतणं यांत अंतर असतं, आणि ते नीट न धरल्यामुळेच पुढची ओढाताण होते. रजा वाढवावी लागते, सहकाऱ्यांचे फोन सुरू होतात आणि दुखऱ्या पोटाने माणूस लॅपटॉप उघडून बसतो.

ठरवून केलेल्या ऑपरेशनचा एक फायदा असा की तारीख बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. एक उदाहरण घेऊ. पुण्यातल्या एका वितरण कंपनीत हिशेब सांभाळणाऱ्या बाई आहेत. जेवणानंतर पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली आणि खडे निघाले. ताप नाही, कावीळ नाही, त्यामुळे तीन-चार आठवडे थांबायला हरकत नाही, असं सर्जनचं मत पडलं. (ताप किंवा कावीळ असेल तर कॅलेंडर बघत बसायचं नाही, आधी दवाखाना.) हिशेबाच्या माणसाचा महिना मुदतींनी बांधलेला असतो. ७ तारखेला टीडीएस, ११ला जीएसटीआर-१, १५ला पीएफ, २०ला जीएसटीआर-३बी. म्हणून बाईंनी २१ नोव्हेंबर ठरवली, म्हणजे त्या महिन्याची विवरणपत्रं भरून झालेली असतील.

आता परतण्याची तारीख. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटावर तीन-चार छोटी छिद्रं पडतात. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यामुळे दोन-तीन दिवस चक्क खांदा दुखतो. टाके लवकर भरतात, थकवा मात्र रेंगाळतो. टेबलावर बसून काम करणारा माणूस साधारण एक ते दोन आठवड्यांत परततो. गोदामात खोकी उचलणाऱ्याला त्याहून जास्त दिवस लागतात, कारण काही आठवडे जड उचलायला मनाई असते. म्हणून शेजाऱ्याचं ऑपरेशन तेच होतं आणि तो दहाव्या दिवशी कामावर गेला, हा हिशेब आपल्याला लागू पडेलच असं नाही. आपण काय काम करतो, ऑफिसला बसने जातो की स्कूटरवरून, हे सर्जनना सांगून मग दिवस विचारावेत. ब्रेक जोरात दाबताना पोटात कळ येत असेल तर स्कूटर चालवण्याची वेळ अजून आलेली नाही.

दुसरी शक्यता कमी लोकांच्या वाट्याला येते, पण ती विचारात घ्यावीच लागते. पिशवीला जुनी सूज असेल, आतले भाग एकमेकांना चिकटलेले असतील, नलिका स्पष्ट दिसत नसतील किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर सर्जन दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडतात. हा निर्णय टेबलावरच होतो. रोग्याला तो भुलीतून जागं झाल्यावर कळतो. मग रुग्णालयातला मुक्कामही वाढतो आणि कामावर परतायला सहा आठवडेही लागू शकतात. अशा वेळी रजा वाढवून मागायची पाळी आली तर ती अचानक आल्यासारखी वाटू नये, म्हणून अर्जातच दोन तारखा द्याव्यात. बाईंचा अर्ज असा होता:

‘माझी नियोजित शस्त्रक्रिया २१ नोव्हेंबरला होणार आहे. डॉक्टरांच्या अंदाजानुसार मी ५ डिसेंबरला कामावर रुजू होईन. शस्त्रक्रियेचा प्रकार ऐन वेळी बदलावा लागल्यास विश्रांती सहा आठवड्यांपर्यंत, म्हणजे २ जानेवारीपर्यंत वाढू शकते. यांपैकी काय ठरलं ते २३ नोव्हेंबरपर्यंत घरचे कळवतील. डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. माझ्या रजेच्या काळातील कामांची वाटणी खाली दिली आहे. कृपया रजा मंजूर करून लेखी कळवावे.’

यात आजाराचं नाव नाही, आणि ते मुद्दाम घातलेलं नाही. साहेबांना किती दिवस आणि कोणतं काम, एवढं कळलं की पुरे. गर्भाशयाच्या ऑपरेशनसाठी रजा मागणाऱ्या बायकांना तर हे फार मोलाचं आहे. डॉक्टरांच्या पत्रात विश्रांतीचे दिवस आणि त्यांचा नोंदणी क्रमांक असावा.

रजा कोणती, तेही आधी बघून घ्यावं. दुकान-आस्थापनांसाठीच्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात वर्षाला ८ नैमित्तिक रजा आहेत आणि वर्षात २४० दिवस काम केल्यास दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा आहे. ती ४५ दिवसांपर्यंत साठते. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही, ती कंपनीच्या नियमांवर अवलंबून असते. पगार २१,००० रुपयांपर्यंत असून ईएसआयसीत नाव असेल तर त्यांच्या डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर पगाराच्या ७० टक्के भत्ता मिळतो. बाईंची अर्जित रजा साठलेली होती, तिच्यावर भागलं.

खरी कसोटी कामाच्या वाटणीत लागते. बहुतेक जण पहिली, लवकरची तारीख धरून काम सोपवतात. बाईंनी दुसरी धरली. २ जानेवारीपर्यंत काय काय येतं हे लिहून काढल्यावर नोव्हेंबरचे पगार, ७ डिसेंबरचा टीडीएस, ११ आणि २० तारखेची जीएसटी विवरणपत्रं, पीएफ आणि १५ डिसेंबरला आगाऊ आयकराचा हप्ता, असं सगळं डोळ्यांसमोर आलं. प्रत्येकापुढे त्यांनी एका माणसाचं नाव, फाइल कुठे आहे आणि शंका आल्यास कोणाला विचारायचं, एवढंच लिहिलं.

मग एक अडचण दिसली जी अशा यादीत सहसा येत नाही. बँकेचा आणि जीएसटी पोर्टलचा ओटीपी बाईंच्याच मोबाइलवर येत होता. असं असलं की मोबाइल नवऱ्याकडे आणि बाई वॉर्डात, तिकडे ऑफिसातून फोन, ‘ताई, तेवढा नंबर सांगता का?’ भूल दिल्यानंतरचे चोवीस तास कोणतीही महत्त्वाची सही किंवा आर्थिक निर्णय करू नये, असं डॉक्टर बजावतात. पैशाच्या व्यवहाराला मंजुरी देणं हेही त्यातच आलं. पासवर्ड आणि डिजिटल सहीचं टोकन सहकाऱ्याच्या हाती देणं हा यावर उपाय नाही, कारण मग व्यवहार तो करतो आणि नाव आपलं लागतं. जीएसटी पोर्टलवर कंपनीला दुसरा अधिकृत स्वाक्षरीकर्ता जोडता येतो आणि बँकेतही दुसऱ्या व्यक्तीला अधिकार देता येतात. बँकेच्या कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून हे काम अर्ज दिला त्याच आठवड्यात सुरू केलं पाहिजे. आणि ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात नव्या माणसाकडून एक छोटा व्यवहार बाई समोर बसून करून घेतात, म्हणजे काही अडत असेल तर तेव्हाच कळतं.

कॅशलेस हवं असेल तर रुग्णालयाच्या विमा कक्षात दाखल होण्याच्या निदान दोन-तीन दिवस आधी कागदपत्रं द्यावी लागतात, त्यामुळे कंपनीकडून पॉलिसीचं कार्ड त्याआधी मिळवून ठेवावं.

घरी आल्यावर ताप, डोळ्यांत पिवळेपणा, वाढत जाणारी पोटदुखी किंवा जखमेतून स्राव दिसला, तर आधी सर्जनना फोन करावा, मग ऑफिसला. रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला न्यावा आणि जड काही उचलायचं नाही, हे त्यात डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. आणि ज्यांच्या टेबलावर असा अर्ज येतो त्यांना विनंती एवढीच, की दुसरी तारीख पाहून भुवया उंचावू नका. दोन्ही तारखा मंजूर करून त्याच दिवशी लेखी उत्तर द्या.