एका शून्याने हुकवलेला ऑडियन्स

परभणीतल्या एका कापड दुकानाची ग्राहकयादी मी मेटाच्या जाहिरातींसाठी अपलोड केली, तर जुळलेले लोक अगदीच थोडे! कारण काय? मेटा तुमचा नंबर थेट बघत नाही, त्याचा हॅश, म्हणजे सांकेतिक रूप, जुळवतं. सुरुवातीला ० असला किंवा ९१ नसला, की हॅश पूर्ण वेगळा. मग मी प्रत्येक नंबर ९१ अधिक दहा अंक असा केला, ईमेलमधल्या मोकळ्या जागा काढल्या. जुळणी वाढली.

लुकअलाइक, म्हणजे ग्राहकांसारखे नवे लोक, शोधायला एकाच देशातले किमान १०० जुळलेले लोक लागतात. पण १ टक्का लुकअलाइक अख्ख्या भारतातून निवडला जातो, बरं का! त्यावर लोकेशन परभणी लावलं, की फार थोडे उरतात. म्हणून छोट्या दुकानाने आधी जुन्याच ग्राहकांना, त्यांची परवानगी घेऊन, जाहिरात दाखवावी.