एकच फरशी बदलताना

फरशी बदलताना शेजारची फरशी फुटते ती बहुधा पहिल्याच घावाला. व्हिट्रिफाइड टाइल कडक आणि ठिसूळ असते. तिच्या मध्यावर हातोडा बसला की हादरा कडेपर्यंत जातो. सांध्यात घट्ट भरलेला ग्राउट तोच हादरा शेजारणीकडे पोहोचवतो आणि तिच्या कडेचा टवका उडतो. म्हणून फुटलेली फरशी आधी चारही बाजूंनी सुटी करायची आणि मगच फोडायची, या एका क्रमावर हे काम उभे असते. घाईत असलेला कारागीर नेमका हाच क्रम उलटा करतो.

शहरांतल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये नेहमी दिसणारा प्रसंग घेऊ. दोन फूट बाय दोन फुटांची, ९ मिलिमीटर जाडीची फिकट बदामी टाइल आहे आणि सांधे २ मिलिमीटरचे आहेत. हातातून वरवंटा निसटून कोपऱ्यात पडला आणि फरशीला तडा गेला. अशा वेळी आधी लाकडी मुठीने ती फरशी आणि तिच्या भोवतालच्या आठ फरश्या ठोकून पाहाव्यात. खाली मसाला पक्का असेल तर आवाज भरीव येतो, पोकळी असेल तर बद्द येतो. एकाच फरशीचा कोपरा पोकळ निघाला तर प्रश्न तेवढ्यापुरता असतो. मात्र ओळीच्या ओळी बद्द वाजत असतील किंवा दोन फरश्या एकमेकींना रेटून छपरासारख्या उचलल्या असतील, तर भिंतीलगत प्रसरणाला जागा सोडलेली नसण्याचा संभव मोठा असतो. तिथे एक फरशी बदलून काही साधत नाही.

दुसरी तयारी जुळत्या फरशीची. टाइलच्या खोक्यावर शेड आणि बॅचचे क्रमांक असतात. नाव तेच असले तरी बॅच बदलली की रंगात आणि मापातही किंचित फरक पडतो. बांधकामाच्या वेळी राखून ठेवलेले नग माळ्यावर किंवा पलंगाखाली सापडले तर काम सोपे होते. ते नसतील तर कपाटाखालची पोकळ वाजणारी फरशी अख्खी काढून इथे बसवता येते आणि तिच्या जागी बाजारातली जवळपासच्या रंगाची घालता येते. पक्की बसलेली फरशी मात्र अख्खी निघत नाही, त्यामुळे तिच्यावर हा प्रयोग करू नये.

आता सांधा मोकळा करायचा. ग्राइंडरची चकती दीड-दोन मिलिमीटर जाड असते. २ मिलिमीटरच्या सांध्यात ती फिरवली की दोन्ही बाजूंच्या कडा घासल्या जातात. तेव्हा ग्राउट हाताच्या करवतीने किंवा टोकदार ओरखणीने खरवडून काढावा. त्याला वेळ लागतो, पण दुसरा बिनधोक मार्ग नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत फरश्या जवळजवळ चिकटवून बसवलेल्या असतात आणि तिथे करवतही शिरत नाही. अशा ठिकाणी ग्राइंडर सांध्यात न घालता फुटक्या फरशीवरच, कडेपासून दीड सेंटिमीटर आत, चारही बाजूंनी चालवावा. चकती गोल असल्याने कोपऱ्याशी खालचा भाग न कापलेला राहतो. तो कापण्याच्या नादात चकती पुढे रेटली की शेजारच्या फरशीवर रेघ उमटते. कोपरे छिन्नीसाठी सोडून द्यावेत. कापताना उडणारी धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून चांगला मास्क आणि चष्मा हवाच. त्या भागात नळाची किंवा विजेची नळी जमिनीतून गेली आहे का, याचीही आधी चौकशी करावी. बाथरूममध्ये फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा थर असतो, तिथे खोल जाऊ नये.

फोडायला सुरुवात मध्यापासून करावी. छिन्नी तिरकी धरून, हलक्या घावांनी, तुकडे आतल्या बाजूला ओढत यावे. कडेची दीड सेंटिमीटरची पट्टी सर्वांत शेवटी, छिन्नीचे तोंड नेहमी मोकळ्या झालेल्या जागेकडे ठेवून काढावी. शेजारच्या फरशीच्या कडेचा टेकू घेऊन पट्टी उचकटायचा मोह होतो, आणि टवका उडतो तो तेव्हाच.

खड्ड्याची खोली हा पुढचा महत्त्वाचा मुद्दा. जुना मसाला फरशीच्या तळाला टेकलेला असतो. त्यावरच नवा थर दिला तर फरशी वर येते आणि पायाला ठेच लागते. टाइल ९ मिलिमीटरची आणि खाली ४ मिलिमीटर अॅडहेसिव्ह धरले, तर शेजारच्या फरशीच्या पृष्ठभागापासून तळ निदान १३ मिलिमीटर खाली हवा. दोन बाजूंच्या फरश्यांवर सरळ पट्टी आडवी ठेवून चार-पाच ठिकाणी हे मोजता येते. वाळू भुसभुशीत निघाली तर ती काढून सिमेंट-वाळूने खड्डा भरावा आणि तो घट्ट झाल्यावरच पुढे जावे.

व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीत नाही, त्यामुळे नुसत्या सिमेंटच्या घोळावर तिची पकड कच्ची राहते. अशा टाइलसाठीचे पॉलिमरयुक्त अॅडहेसिव्ह वापरावे. ते दातेरी थापीने खड्ड्यात पसरावे आणि फरशीच्या पाठीवरही पातळ थर द्यावा, म्हणजे कोपरे पोकळ राहत नाहीत. फरशी बसवल्यावर रबरी हातोड्याने ठोकत, सरळ पट्टीने चारही कडा शेजारणींशी जुळल्याची खात्री करावी. सांध्यात वर आलेले अॅडहेसिव्ह ओले असतानाच काढावे, नाहीतर ग्राउटला जागा उरत नाही. निदान एक दिवस त्यावर पाय ठेवू नये.

राहिला ग्राउटचा रंग. फरशी तंतोतंत जुळूनही भोवतीची नवी चौकट डोळ्यांत खुपते, ती बहुधा ओल्या ग्राउटचा रंग पाहून निवड केल्यामुळे. सिमेंटचा ग्राउट ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो. तुलना नेहमी कोरड्याची कोरड्याशी करावी. आधी जुना सांधा नायलॉनच्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावा. अॅसिड वापरू नये, ते सिमेंट खाते. फुटलेल्या टाइलच्या तुकड्यांमध्ये तितकाच रुंद सांधा ठेवून नमुने भरावेत. समजा, बदामी रंग फार उजळ वाटतो. तर १०० ग्रॅम कोरड्या बदामी पावडरीत एका नमुन्यात ५ आणि दुसऱ्यात १० ग्रॅम राखाडी पावडर घालावी. दोन्ही पावडरी एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या असाव्यात आणि पाणीही प्रत्येक वेळी मोजून तेवढेच घालावे, कारण जास्त पाण्याने रंग फिका आणि डागाळलेला होतो. दोन दिवसांनी नमुने जुन्या सांध्याशेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात आणि घरातल्या दिव्याखाली पाहावेत. दोहोंत निवड अडली तर किंचित गडद घ्यावा, जमिनीवरचे सांधे वापराने गडदच होत जातात.

भरताना ग्राउट सांध्याला तिरका धरलेल्या रबरी थापीने तळापर्यंत दाबावा. थोडे घट्ट झाल्यावर चांगल्या पिळलेल्या स्पंजाने पुसावे. निथळता स्पंज वरचा रंग धुऊन नेतो आणि सांधा खोलगट करतो. वाळल्यावरही फरक जाणवत असेल तर जुन्या सांध्यावर नव्याचा पातळ हात फिरवू नये, तो काही दिवसांत पापुद्र्यासारखा सुटतो. त्याऐवजी सांध्यांना द्यायचा खास रंग मिळतो. तो त्या चौकटीपुरता न लावता खोलीतल्या सगळ्या सांध्यांना लावावा लागतो.